तीन कागद जुळले तर पैसे

‘सर्व पुरवठादारांना कळविण्यात येते की, दिनांक 1 ऑक्टोबरपासून कंपनीच्या सर्व खरेदी ऑर्डर फक्त ऑनलाइन पोर्टलवर उपलब्ध होतील. ईमेलने अथवा छापील स्वरूपात ऑर्डर पाठवली जाणार नाही. सोबत जोडलेल्या नमुन्याप्रमाणे नसलेली बिले स्वीकारली जाणार नाहीत.’

अशा मजकुराचं पत्र भोसरी, चाकण, अंबड, वाळूज इथल्या छोट्या कारखानदारांना आणि दुकानदारांना कधी ना कधी येतंच. वाचणाऱ्याची नजर शेवटच्या वाक्यावर अडते. वीस वर्षं एकाच कंपनीला माल देणाऱ्या माणसाला वाटतं की आपलं बिल आजवर चाललं, मग आता त्यात काय खोट निघाली? खोट बिलात नसते. बिल वाचणारा बदललेला असतो, आणि पत्रात नेमकं तेवढंच लिहिलेलं नसतं.

पूर्वी बिलाच्या तीन प्रती निघायच्या. मूळ प्रत ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपली. मालाच्या बिलाला जीएसटीच्या नियमांत त्या आजही आहेत. टेम्पो गेटवर गेला की वॉचमन शिक्का मारायचा, स्टोअरवाला माल मोजून सही करायचा आणि कागद अकाउंट्सच्या टेबलावर जाऊन पडायचा. तिथला माणूस बिलावरचा मजकूर वाचून समजून घ्यायचा. ऑर्डर नंबर चुकला असेल तर फोन करायचा, किंवा स्वतःच पेनने दुरुस्त करायचा. पोर्टलवर हे समजून घेणं संपतं. तिथे यंत्र तीन कागद शेजारीशेजारी ठेवतं: कंपनीची ऑर्डर म्हणजे पीओ, स्टोअरने माल उतरवून घेतल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि तुमचं बिल. तिन्हींतला नग, दर आणि एकक जुळलं तर बिल पुढे सरकतं, नाही तर थांबतं. पत्रासोबतच्या नमुन्यातली जवळजवळ प्रत्येक अट या एका जुळवणीतून आलेली असते.

आपण एक हिशेब मांडून बघू. भोसरीतलं एक नट-बोल्टचं दुकान आहे, वर्षाची उलाढाल साडेतीन कोटींच्या आसपास. चाकणच्या एका कंपनीची ऑर्डर पोर्टलवर आली: 12 एमएमचे, 50 एमएम लांबीचे षटकोनी डोक्याचे बोल्ट, 5,000 नग, दर 9 रुपये 40 पैसे. म्हणजे 47,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 8,460 रुपये. दोघंही महाराष्ट्रातले, त्यामुळे त्यातले 4,230 सीजीएसटी आणि 4,230 एसजीएसटी. एकूण 55,460 रुपये.

ऑर्डरचा नंबर लांबलचक आहे आणि त्याखाली लाइन नंबर आहे 10. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो, कारण माल एकच, मग लाइन दहावी कशी? अनेक कंपन्यांच्या संगणकात लाइन 10, 20, 30 अशाच पडतात. मध्ये कधी काही घुसवायचं झालं तर जागा असावी, एवढाच त्यामागचा हेतू. पण बिलात 10 च्या जागी 1 लिहिलं तर यंत्र पहिली लाइन शोधतं, ती त्याला सापडत नाही आणि बिल परत येतं. जीएसटीच्या नियमांत बिलावर काय काय असावं याची यादी आहे. तुमचा आणि ग्राहकाचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, मालाचं वर्णन, एचएसएन कोड, नग, किंमत, कर, सही वगैरे त्यात येतं. पीओ नंबर त्या यादीत नाही. ती कंपनीची गरज आहे. टॅलीत बिल बनवताना त्यासाठी `Buyer's Order No.` अशी जागा असते, आणि बहुतेक दुकानांत ती वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली असते.

सरकारची अट कोणती आणि कंपनीची सोय कोणती, हा फरक पत्र वाचताना डोक्यात ठेवला तर बरीच घालमेल वाचते. सरकारच्या अटीत तडजोड होत नाही. कंपनीच्या सोयीबद्दल फोन करून बोलता येतं. बिल नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असावा, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच असावं आणि आर्थिक वर्षात तो नंबर पुन्हा येऊ नये, ही अट सरकारची आहे. आपल्या दुकानदाराची जुनी पद्धत अशी होती:

```
NB/BHOSARI/2025-26/0147
NB/25-26/0147
```

वरचा नंबर 23 अक्षरांचा, खालचा 13. वरचा नंबर कागदी बिलावर खपून जायचा. पोर्टलच्या चौकटीत तो सोळाव्या अक्षरावर तुटतो. मग पोर्टलवर एक नंबर, जीएसटीच्या विवरणात दुसरा आणि छापील प्रतीवर तिसरा, असा तिढा होतो.

एचएसएनची गोष्ट याच्या उलट. मागच्या वर्षीची उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर चार आकडी कोड कायद्याला पुरतो. बोल्टसाठी तो 7318. त्याहून मोठ्या उलाढालीला सहा आकडे लागतात. कंपनीचा नमुना मात्र सगळ्यांकडे सहाच मागतो, कारण तिच्या यादीत माल 731815 या कोडखाली बसलेला असतो. इथे भांडण्यात अर्थ नाही. दोन आकडे जास्त लिहिल्याने तुमचं काही जात नाही.

आयआरएनचा रकाना मात्र खरा त्रास देतो. आयआरएन म्हणजे ई-इनव्हॉइसचा 64 अक्षरी नंबर. सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद केली की तो आणि सोबतचा क्यूआर कोड मिळतो. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तो सक्तीचा आहे. इथे ‘उलाढाल’ म्हणजे फक्त गेल्या वर्षीची नाही. 2017-18 पासूनच्या कुठल्याही एका वर्षात ती पाच कोटींच्या वर गेलेली असली तरी सक्ती लागू होते, पुढे धंदा निम्म्यावर आला तरी. आपला दुकानदार कधीच त्या रेषेवर गेलेला नाही, म्हणून त्याला आयआरएन लागत नाही आणि त्याच्याकडे तो नाहीच. पण पोर्टल बनवणाऱ्याने तो रकाना सगळ्यांना लाल फुलीने सक्तीचा करून ठेवला आहे. यावरचा उपाय जुनाच आहे: लेटरहेडवर सही-शिक्क्यासह ‘आमची उलाढाल 2017-18 पासून कुठल्याही वर्षी पाच कोटींच्या वर गेलेली नाही’ असं लिहून द्यायचं. मग कंपनी तुमच्या वेंडर कोडला सूट लावते आणि रकाना उघडा होतो. हे पत्र पहिल्या बिलाच्या आधी द्यावं. बिल अडकल्यावर दिलं तर दोन आठवडे त्यातच जातात.

बोल्टवर परत येऊ. या व्यवसायात बोल्ट नगावर विकले जातात, पण जगतात किलोवर. वरचा व्यापारी किलोने देतो, गोदामात पोती किलोने मोजली जातात, आणि टॅलीत त्या मालाचं एकक `KGS` असंच घातलेलं असतं. या मापाच्या एका बोल्टचं वजन आपल्या हिशेबासाठी 58 ग्रॅम धरू. 5,000 नग म्हणजे 290 किलो. दुकानातल्या मुलाने सवयीने बिल बनवलं: 290 किलो, दर 162.07 रुपये. रक्कम आली 47,000 रुपये 30 पैसे. माणसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, ठीक आहे, तीस पैशांचं काय. यंत्राला दिसतं की ऑर्डर 5,000 `NOS` ची आहे आणि बिल 290 `KGS` चं. तीस पैशांपर्यंत ते पोहोचतच नाही, एककावरच थांबतं आणि पडद्यावर नग जुळत नसल्याचा शेरा येतो. दुकानदार फोनवर ओरडून सांगतो, ‘अहो साहेब, रक्कम बघा ना, तीच आहे!’ साहेबांच्या हातात काही नसतं. दुरुस्ती टॅलीत करायची असते. त्याच मालाला दुसरं एकक जोडता येतं, त्याला `Alternate Units` म्हणतात. एकदा किती किलोचे किती नग ते घातलं की गोदाम किलोत चालतं आणि बिल नगात निघतं.

पण किलोचे नग करताना आणखी एक गंमत होते. पाच हजार बोल्ट कोणी हाताने मोजत नाही. मोजणीच्या काट्यावर दहा बोल्ट ठेवायचे, काटा एका बोल्टचं वजन धरतो आणि पुढे वजनाला त्याने भागून नग दाखवतो. समजा ते दहा बोल्ट जरा हलके निघाले आणि काट्याने 58 ऐवजी 57.77 ग्रॅम धरलं. फरक पाव ग्रॅमसुद्धा नाही. काट्यावर 5,000 आकडा आला तेव्हा पोत्यात प्रत्यक्षात 4,980 बोल्ट होते. कंपनीच्या स्टोअरमध्ये काट्याला दहाऐवजी शंभराचा नमुना देतात, त्यांना 4,980 च दिसले आणि जीआरएन तेवढ्याचाच झाला. पूर्वी स्टोअरवाला ‘वीस नग पुढच्या खेपेला टाका’ म्हणायचा आणि विषय मिटायचा. आता ऑर्डर 5,000, बिल 5,000, आवक 4,980. नमुना शंभराचा घ्यावा, ही या व्यवसायातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

अशा वेळी पोर्टल बहुधा 20 नगांचे पैसे कापून ‘डेबिट नोट’ नावाचा कागद काढतं. 20 गुणिले 9.40 म्हणजे 188 रुपये, त्यावरचा कर 33 रुपये 84 पैसे, एकूण 221 रुपये 84 पैसे. रक्कम किरकोळ, म्हणून दुकानदार सोडून देतो. इथेच चूक होते. कंपनीने काढलेला तो कागद दोघांमधला हिशेब आहे. जीएसटीच्या दृष्टीने बिलाची रक्कम कमी करायचा अधिकार माल देणाऱ्यालाच आहे आणि त्यासाठी त्याने क्रेडिट नोट काढायची असते. ती विवरणात दाखवली नाही तर तुम्ही 47,000 वर कर भरत राहता आणि कंपनीच्या वहीत 46,812 असतात. असे वीस-पंचवीस तुकडे साचले की मार्चमध्ये दोन्हीकडची खाती जुळत नाहीत आणि त्या काळात कंपनी नवी बिलं थोपवून धरते. क्रेडिट नोट विवरणात दाखवायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते, पण तोवर थांबण्यात शहाणपण नाही.

दराचा घोळ वेगळ्या तऱ्हेने होतो, आणि माझ्या बघण्यात सर्वांत जास्त पैसे यातच अडकतात. पोलादाचा भाव वाढतो, दुकानदार खरेदीच्या साहेबांशी बोलतो, 9.40 चे 9.90 ठरतात. साहेब म्हणतात, ‘तुम्ही माल टाका, दराचं मी बघून घेतो.’ मनात काही वाईट नसतं, पण पोर्टलवर सुधारित ऑर्डर मंजूर व्हायला वरच्या माणसाची टिचकी लागते आणि तो माणूस दौऱ्यावर असतो. माल गेला, बिल 9.90 चं गेलं, ऑर्डर 9.40 ची. 2,500 रुपयांच्या फरकासाठी पूर्ण बिल अडकतं. पडद्यावर सुधारित दर दिसत नाही तोवर टेम्पो भरू नये, एवढंच सांगता येतं. साहेबांचा शब्द खरा असतो, पण त्या तीन कागदांत तो कुठेच नसतो.

टेम्पो भरायच्या आधी आणखी एक काम असतं. बहुतेक पोर्टलांवर ‘एएसएन’ करावा लागतो, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ वर्दी. त्यात बिल नंबर, नग आणि गाडी नंबर भरला की बारकोड मिळतो. तो छापून ड्रायव्हरकडे द्यायचा. गेटवर तो वाचला नाही तर गाडी बाहेर उभी. ड्रायव्हरने वाटेत गाडी बदलली तर नंबर जुळत नाही, पुन्हा दुकानात फोन. कंपनीच्या गेटबाहेर दुपारी दोनला उभा असलेला ड्रायव्हर आणि दुकानात ओटीपीची वाट बघणारा माणूस, हे चित्र हल्ली नेहमीचं. तो ओटीपी बहुतेक वेळा तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर जात असतो. नोंदणी करताना मालकाचाच नंबर द्यावा.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘कराची रक्कम जीएसटीआर-2बीमध्ये दिसल्यानंतर अदा केली जाईल.’ ती ओळ आपल्या दुकानदारासाठी बाकी पत्राहून जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही विवरणात दाखवलेली बिलं पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला कंपनीच्या 2बी तक्त्यात उमटतात. तिथे दिसल्याशिवाय कंपनीला त्या कराची वजावट घेता येत नाही, म्हणून ती तेवढे पैसे धरून ठेवते. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणाची सवलत आहे आणि आपल्या दुकानदाराने ती घेतलेली आहे. त्याचं बिल 6 ऑक्टोबर 2025 चं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचं विवरण 13 जानेवारीपर्यंत जाईल, म्हणजे कंपनीला ते 14 जानेवारीला दिसेल आणि 8,460 रुपये संक्रांतीपर्यंत लटकतील. सुटका सोपी आहे. तिमाहीवाल्यांना पहिल्या दोन महिन्यांत फक्त व्यापाऱ्यांना दिलेली बिलं पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत चढवता येतात. या सोयीला आयएफएफ म्हणतात. महिन्याला 50 लाखांपर्यंतची बिलं त्यात बसतात. 13 नोव्हेंबरच्या आत ते केलं तर 14 नोव्हेंबरला कंपनीच्या पडद्यावर आपलं बिल हजर. ही सोय ऐच्छिक असल्यामुळे कर सल्लागार स्वतःहून ती वापरत नाही, त्याला सांगावं लागतं.

आता दिवसांचा हिशेब. पत्रात लिहिलेलं असतं: ‘पोर्टलवर बिल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत रक्कम दिली जाईल.’ बोल्ट 6 ऑक्टोबरला गेटच्या आत गेले. किलो-नगाचा घोळ निस्तरून बिल स्वीकारलं गेलं 21 ऑक्टोबरला. कंपनीच्या हिशेबाने पैसे 5 डिसेंबरपर्यंत. पण आपला दुकानदार हाच माल बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असता आणि त्याची उद्यम नोंदणी असती, तर 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यात मोजणी वेगळी आहे. तिथे दिवस माल मिळाल्यापासून मोजतात आणि लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. बिल पोर्टलवर कधी हिरवं झालं याला तिथे महत्त्व नाही. म्हणजे 20 नोव्हेंबर. मात्र माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत कंपनीने लेखी हरकत घेतली तर ती हरकत मिटल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. वीस नग कमी असल्याची लेखी हरकत 8 तारखेला आली आणि क्रेडिट नोट देऊन ती 14 तारखेला मिटली, असं धरलं तर तारीख येते 28 नोव्हेंबर. म्हणून क्रेडिट नोट लगेच काढावी, असं वर म्हटलं त्याला करापलीकडेही कारण आहे.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, महिन्यामहिन्याने धरून. कागदावर ते जबर आहे. प्रत्यक्षात रोजचं गिऱ्हाईक असलेल्या कंपनीकडे ते मागायला कोणी फारसं धजावत नाही. 2023-24 पासून आयकर कायद्याच्या 43बी(एच) कलमाने मात्र थोडी धार आणली. अशा उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा करता येतो. मार्चच्या शेवटी अचानक कंपनीचे फोन येऊ लागतात, ‘तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा,’ त्यामागे हे असतं. नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी या संरक्षणात येत नाही, त्याने उद्यम नोंदणी केली असली तरी. आपल्या बोल्टच्या दुकानाला त्यामुळे कंपनीच्या 5 डिसेंबरवरच भागवावं लागेल. पोर्टलवर नोंदणी करताना ‘उत्पादक’ की ‘व्यापारी’ हा रकाना घाईत कोणीही भरू नये, तो त्यासाठीच.

आणि हे सगळं करण्याआधी ते पत्र खरं आहे का, ते बघावं. नव्या पोर्टलच्या नोटिशीत पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, रद्द केलेला चेक असं सगळंच मागितलेलं असतं, म्हणून ठकांना हा नमुना फार आवडतो. ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं, दुव्यावर टिचकी मारली की हुबेहूब कंपनीचं पान उघडतं. पत्रात दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही, कारण तो नंबरही त्यांचाच. जुन्या ऑर्डरवर छापलेल्या नंबरला फोन लावावा, किंवा पुढच्या खेपेला माल घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरलाच सांगावं, ‘दादा, स्टोअरमध्ये विचारून ये, पोर्टल खरंच सुरू झालंय का.’